"बीच खराब निघालं" म्हणणाऱ्या नर्सरीपासून सावध

वाळवा तालुक्यात टोमॅटो करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. स्वतःचं बी देऊन नर्सरीतून रोपं करून घेणाऱ्यांनी तर नक्की वाचावं. नर्सरीचं नाव लिहीत नाही, कारण ही युक्ती एकट्या त्या माणसाची आहे असं मला वाटत नाही.

एकरभर टोमॅटोचा बेत होता. पाच फुटाचा पट्टा आणि दोन रोपांत दीड फूट धरलं की एकरी 5,800 च्या आसपास रोपं लागतात. संकरित बियांची दोन पाकिटं घेतली, त्यातल्या 50 बिया घरी ठेवल्या आणि बाकी बी नर्सरीवाल्याला दिलं. 98 कप्प्यांचे 60 ट्रे भरायचे, निव्वळ कोकोपीटमध्ये, आणि रोपामागे ठरलेला दर घ्यायचा, असा व्यवहार झाला. फोटो पाठवत जा म्हणालो, त्यानं ते आनंदानं मान्य केलं.

पेरणीनंतर दहाएक दिवसांनी वरून काढलेले तीन ट्रेचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले. खाली मजकूर होता, "दादा, बी जरा हलकं निघालं. सत्तर टक्क्याच्या आतबाहेर उगवण आहे." पाठोपाठ फोनही आला. "पाकिटावर बघा, कंपनीच सत्तर टक्के लिहिते. आपण काय करणार? काळजी नको, दुसऱ्या एका गिऱ्हाईकाची ह्याच वाणाची रोपं शिल्लक आहेत, दोन रुपयानं देतो. नांग्या भरून निघतील."

पाकिटावर सत्तर असतं हे खरं आहे. टोमॅटोच्या बियाण्याला उगवणीची किमान मर्यादा 70 टक्केच आहे. पण ती किमान आहे, चांगला संकरित लॉट तिच्या बराच वर उगवतो. घरी ठेवलेल्या 50 बिया मी ओल्या फडक्यात घातल्या होत्या, त्यांतल्या 46 ना मोड आले होते. म्हणून फोटो मोठे करून एकेक कप्पा बघायला बसलो.

98 चा ट्रे म्हणजे आडव्या सात कप्प्यांच्या चौदा ओळी. तीन ट्रेमध्ये उभी रोपं होती 61, 68 आणि 72. पण मला आकड्यापेक्षा तुटाळ कुठं पडलीय ते खटकलं. पहिल्या ट्रेमध्ये कडेच्या दोन ओळी सलग मोकळ्या होत्या, चौदाच्या चौदा कप्पे. बी खराब असेल तर तुटाळ ट्रेभर विखरून पडते, इथं एक तिथं दोन. मेलेलं बी काही ओळ धरून बसत नाही. त्या कप्प्यांत टोकणीसाठी बोटानं केलेला खळगा जसाच्या तसा दिसत होता, वर झाकायला टाकलेलं कोकोपीटसुद्धा नव्हतं. म्हणजे तिथं बी पडलंच नव्हतं.

बाकीचे मोकळे कप्पे वेगळे होते. त्यांच्यावर राखाडी, सपाट थर धरलेला आणि तो मधोमध तडकलेला. निव्वळ कोकोपीट वाळलं की फिकट तपकिरी होतं, कडेनं सुटतं, पण त्याची पपडी होत नाही. पपडी होते मातीची, त्यातही आपल्या नदीकाठच्या चिकण काळ्या मातीची. झारीऐवजी पाइपनं जोरात पाणी मारलं की बारीक कण वर बसतात आणि वाळल्यावर झाकणासारखे घट्ट होतात. बोअरच्या पाण्याचे क्षारही पांढरे दिसतात, पण ते कप्प्याच्या काठाला भुकटीसारखे असतात आणि बोटानं पुसले जातात. फोटोत होती ती पपडीच. एका कप्प्यात तर पपडीचा तुकडा रोपाच्या डोक्यावर टोपीसारखा उचललेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारायच्या आधी नर्सरीत पोचलो. ही वेळ महत्त्वाची आहे, कारण ओली पपडी काळपट दिसते आणि नजरेतून सुटते. आधी आलेल्या दोन फोटोंत सगळं छान का दिसत होतं ते तिथं कळलं, ते पाणी मारल्या मारल्या काढलेले होते.

61 रोपांचा तोच ट्रे मागितला आणि मालकासमोर मोकळे 37 कप्पे काडीनं उकरले. कडेच्या 14 मध्ये बी नव्हतंच. 15 कप्प्यांत पपडीखाली बी उगवून आलेलं, पांढरी मान वाकडी होऊन आडवी वाढलेली. 5 मध्ये रोप वर येऊन मानेत कुजून कोलमडलेलं, वाळकी काडी शिल्लक. न उगवलेलं बी सापडलं फक्त 3 कप्प्यांत. म्हणजे पेरलेल्या 84 पैकी 81 बिया उगवल्या होत्या. आता सांगा, बी हलकं कसं?

मालक आधी म्हणाला, "पोरं कामाला नवी आहेत." मग एक कप्पा दाबून रोप बाहेर काढलं, तर ढेकूळच हातात आलं. कोकोपीट महाग पडतं म्हणून थोडी माती मिसळली, हे त्यानं तेव्हा कबूल केलं. मोकळ्या ओळींबद्दल मात्र शेवटपर्यंत बोलला नाही. ते बी गेलं कुठं, आणि दोन रुपयाला मिळणारी "शिल्लक" रोपं कुणाच्या बियांची, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण माझाच वाण, माझ्याच वयाची रोपं, आणि लॉट नंबर विचारला की पाकीट सापडत नाही. तुम्हीच काय ते समजा.

आणखी एक गोष्ट दुसऱ्या ट्रेमध्ये दिसली. निम्मी रोपं खऱ्या दोन पानांवर आलेली, आणि मधूनमधून काही नुकतीच बीजपत्रं उघडून बसलेली. पपडीनं उशीर झालेलं रोप दोन-चार दिवस मागं पडतं, पण इतका फरक असेल तर तिथं मागाहून बी टोकलंय असं समजावं. अशी रोपं लावणीच्या वेळी कोवळी राहतात, थोराड रोपांसोबत लावली की सावलीत दबतात. वीस दिवसांनी पानं एकमेकांना भिडली की वरच्या फोटोत तुटाळही दिसत नाही आणि लहानमोठं रोपही ओळखू येत नाही. म्हणून फोटो मागायचा तो पेरणीनंतर आठ ते बारा दिवसांच्या दरम्यान, ट्रेच्या चारही कडा दिसतील असा बरोबर वरून, आणि पाणी मारायच्या आधीचा. तिरक्या फोटोत मागची ओळ पुढच्या मोकळ्या कप्प्याला झाकते.

तक्रारीचं विचाराल तर तालुका कृषी कार्यालयात जाऊन आलो. बियाण्याची तक्रार असती तर त्यांनी पंचनामा केला असता, पण इथं बियाणं चांगलं निघालं होतं, हीच गंमत. उरला ग्राहक आयोग, आणि तिथं पावती लागते. माझ्याकडं वहीच्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी होती, तिच्यावर "60 ट्रे" एवढंच आणि खाली सही. "निव्वळ कोकोपीट", बियाण्याचा लॉट नंबर, दिलेल्या बियांची संख्या आणि उभ्या रोपांचेच पैसे, या चार गोष्टी पावतीवर असत्या तर हात धरता आला असता.

शेवटी उभ्या, एकसारख्या रोपांचेच पैसे दिले. बियाण्याची भरपाई त्यानं दिली नाही. शिल्लक रोपं मी घेतली नाहीत, नांग्यांपुरती रोपं आष्ट्याकडच्या एका ओळखीच्या नर्सरीतून आणली, वाण वेगळा असल्यानं ती वेगळ्या सरीत लावली. रिकामी पाकिटं आणि ते तीन फोटो अजून जपून ठेवलेत. याच भागात कुणाला "बी हलकं निघालं" असा निरोप आला असेल तर ट्रे हलवायच्या आत जाऊन मोकळे कप्पे उकरून बघा, आणि उकरतानाचा व्हिडिओ मालकासमोरच काढा.