एकाच कोडॉनमधले नऊ बदल: मूक, मिसेन्स आणि नॉनसेन्स यांची तुलना

जनुकातील एक अक्षर बदललेले आढळले की पहिला प्रश्न पडतो तो हा बदल किती गांभीर्याने घ्यायचा, हा. त्याचे रूढ उत्तर सोपे आहे: प्रथिनातले अमिनो आम्ल तेच ठेवणारा मूक बदल निरुपद्रवी, ते बदलणारा मिसेन्स मध्यम, साखळी अर्ध्यावर थांबवणारा नॉनसेन्स घातक. पहिला अंदाज म्हणून हा क्रम चालतो, मात्र त्यावर निर्णय घ्यायचा झाल्यास तो कुठे टिकतो आणि कुठे फसतो हे माहीत असावे लागते. हिमोग्लोबिनचा एक घटक असलेल्या बीटा-ग्लोबिनच्या जनुकात या दोन्ही बाजू स्वच्छ दिसतात, म्हणून ही तुलना त्या एका जनुकापुरतीच ठेवली आहे.

या जनुकाचा सहावा कोडॉन, म्हणजे एक अमिनो आम्ल सांगणारा तीन अक्षरांचा गट, GAG असा आहे आणि तो ग्लुटामिक आम्ल सांगतो. (नव्या नामपद्धतीत आरंभीचे मेथिओनिनही मोजतात, त्यामुळे काही अहवालांत हेच स्थान सातवे म्हणून येते; त्यावरून गोंधळून जाऊ नये.) तीन अक्षरे, आणि प्रत्येकाच्या जागी येऊ शकणारी दुसरी तीन, असे एका अक्षराचे एकूण नऊ बदल येथे संभवतात. तिसऱ्या अक्षराच्या जागी A आला तर GAA होतो आणि तोही ग्लुटामिक आम्लच सांगतो. हा नऊपैकी एकमेव मूक बदल. पहिल्या अक्षराच्या जागी T आला तर TAG हा थांबण्याचा संकेत तयार होतो. हा एकमेव नॉनसेन्स. उरलेले सातही मिसेन्स आहेत, म्हणजे त्यांत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येते. सगळ्या 61 अर्थपूर्ण कोडॉनांचे असे एकूण 549 बदल मोजले, तर त्यांत 134 मूक, 392 मिसेन्स आणि 23 नॉनसेन्स निघतात. मूक बदलांपैकी 126 एकट्या तिसऱ्या स्थानावर आहेत आणि दुसऱ्या स्थानावर एकही नाही.

तिसऱ्या स्थानाला ही सवलत मिळते त्याचे एक मोठे कारण वॉबल जोडणीत आहे. क्रिक यांनी 1966 साली मांडलेल्या या कल्पनेनुसार कोडॉनची पहिली दोन अक्षरे अमिनो आम्ल आणणाऱ्या टीआरएनएच्या अँटिकोडॉन या तीन अक्षरी भागाशी काटेकोर जुळतात, परंतु तिसऱ्या अक्षरासमोरची जोडी थोडी सैल असते. आरएनएमध्ये T च्या जागी U असतो. सैल जोडीच्या जागी अँटिकोडॉनमध्ये G असेल तर तो C आणि U या दोघांशी जुळतो, U असेल तर A आणि G यांच्याशी, आणि इनोसिन हे बदललेले अक्षर असेल तर U, C व A या तिघांशी. म्हणून 61 कोडॉन वाचण्यासाठी 61 वेगळे टीआरएनए लागत नाहीत. GAA आणि GAG हे दोन्ही कोडॉन एकच टीआरएनए वाचू शकतो, कारण त्याच्या वॉबल स्थानी U आहे. GAC आणि GAT मात्र G असलेल्या दुसऱ्या टीआरएनएकडे जातात आणि तो ॲस्पार्टिक आम्ल आणतो. यावरून एक उपयुक्त अडाखा मिळतो: दोन-दोन कोडॉनांच्या गटात तिसऱ्या स्थानी A आणि G यांची, किंवा C आणि T यांची, आपापसांत अदलाबदल झाली तर बदल बहुधा मूक असतो, एका जोडीतले अक्षर दुसऱ्या जोडीत गेले तर बहुधा मिसेन्स. मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना प्रत्येकी एकच कोडॉन असल्याने त्यांच्याबाबत हा अडाखा चालत नाही.

आता मिसेन्सकडे वळू. सातही बदलांना तोच शिक्का बसतो, पण त्यांची फळे इतकी वेगळी आहेत की हा शब्द जवळजवळ काहीच सांगत नाही. GAG चा GTG झाला की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते आणि सिकलसेल हिमोग्लोबिन तयार होते. ऑक्सिजन सुटल्यावर हे जलविरोधी व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरील एका खोबणीत रुतते, रेणूंच्या लांब दोऱ्या बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. त्याच कोडॉनचा AAG झाला तर लायसिन येते. ते हिमोग्लोबिन सी. आई-वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत हा बदल असला तरी आजार सहसा सौम्य असतो. GCG झाला तर ॲलॅनिन येते, हिमोग्लोबिन जी-मकासार बनते आणि पेशी विळ्यासारख्या होत नाहीत. तेव्हा स्थान एकच, प्रकारही एकच. फरक केवळ आलेल्या अमिनो आम्लाच्या गुणधर्माचा. 2021 साली उंदरांवर केलेल्या एका उपचारप्रयोगात नेमका हाच फरक वापरला गेला: एक अक्षर बदलणाऱ्या बेस एडिटर या साधनाने GTG मधील T चा C केला आणि मूळ GAG परत न आणता निरुपद्रवी GCG गाठला. एका मिसेन्सवर दुसऱ्या मिसेन्सची मात्रा!

मूक बदलाचा फसवेपणा याच जनुकाच्या चोविसाव्या कोडॉनवर दिसतो. तेथे GGT चा GGA होतो. दोन्ही ग्लायसिनचेच कोडॉन असल्यामुळे कोष्टक पाहणाऱ्याला प्रथिनात काहीच बदललेले दिसत नाही. तरीही या बदलाने बीटा थॅलसेमिया हा बीटा-ग्लोबिन कमी पडण्याचा आजार होतो. त्या A मुळे लगतचा क्रम GAG-GTGAG असा होतो आणि आरएनएतील मधले भाग कापून एक्झॉन नावाचे तुकडे सांधणारी जोडकामाची यंत्रणा त्याला एक्झॉनचा शेवट समजू लागते. काही आरएनए चुकीच्या जागी कापले जातात आणि योग्य ग्लोबिन कमी पडते. दोन कोडॉन पुढे GAG चा AAG होऊन हिमोग्लोबिन ई बनते, तेव्हाही हीच सुप्त जोडजागा जागी होते. म्हणजे या बदलाचा दोष निम्मा मिसेन्सचा आणि निम्मा जोडकामाचा. अशा ठिकाणी कोडॉनचे कोष्टक पुरत नाही. पेशीतील आरएनएची लांबी आणि क्रम तपासावा लागतो, आणि अपेक्षेपेक्षा आखूड तुकडा दिसला तर ‘मूक’ हा शिक्का मागे घ्यावा लागतो.

नॉनसेन्सच्या बाबतीत केवळ प्रथिन तुटल्याचे पाहून थांबू नये. थांबा नेमका कुठे पडला ते पाहावे. एकोणचाळिसाव्या कोडॉनचा CAG चा TAG झाला तर दुसऱ्या एक्झॉनमध्येच अकाली थांबा येतो. भूमध्य सागराच्या परिसरात हा बदल बराच आढळतो. पेशी अशा आरएनएला ओळखून मोडून टाकते. शेवटच्या एक्झॉन-जोडापासून साधारण 50 ते 55 अक्षरांपेक्षा जास्त अलीकडे थांबा असेल तर ही व्यवस्था सहसा काम करते. परिणामी तुटके प्रथिन जवळजवळ बनतच नाही, दुसरी प्रत बहुतांश काम निभावते आणि एकच बदललेली प्रत असणारी व्यक्ती बहुधा वाहक राहते. याउलट एकशेएकविसाव्या कोडॉनचा GAA चा TAA झाला तर थांबा शेवटच्या एक्झॉनमध्ये पडतो. तेव्हा आरएनए मोडला जात नाही आणि 146 ऐवजी 120 अमिनो आम्लांची साखळी खरोखर तयार होते. ती नीट घडी पडत नसल्याने रक्तपेशींच्या पूर्वरूपांतच साचते. येथे दुसरी निरोगी प्रत पुरेशी पडत नाही आणि एकाच बदललेल्या प्रतीने आजार दिसू शकतो. साखळी जास्त लांब वाचली आणि तरीही परिणाम अधिक वाईट झाला, हे पहिल्यांदा वाचताना उलटे वाटते. पण येथे उणीव जेवढे नुकसान करते त्याहून अधिक नुकसान तयार झालेला सदोष तुकडा करतो.