ए-फोरच्या नऊ कागदांवर एक मोठा फोटो : घरगुती प्रिंटर आणि PosteRazor यांच्या काही महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकमध्ये फ्लेक्सची दुकाने पुष्कळ आहेत आणि केवळ मोठे चित्र हवे असेल तर तिथे जाणेच सोपे पडते. मला मात्र चकचकीत प्लास्टिकवर नव्हे, तर कागदावर छापलेला फोटो खोलीच्या भिंतीवर लावायचा होता, म्हणून घरच्या इंक टँक प्रिंटरवर तो तुकड्यातुकड्यांनी छापण्याचा मार्ग निवडला. चित्राचे तुकडे पाडण्यासाठी PosteRazor हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्याला चित्र द्यायचे, कागदाचा आकार, कडेची कोरी जागा आणि ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या दोन्ही कागदांवर छापली जाणारी सामाईक पट्टी किती हवी ते सांगायचे, की ते प्रत्येक कागदासाठी एक पान असलेली पीडीएफ तयार करून देते. आता इतक्या महिन्यांनी माझे मत असे झाले आहे की, लोक ज्या रिझोल्यूशनची काळजी करतात ते सहसा पुरेसे असते; खरी कसोटी कागदांच्या सांध्यावर लागते.

रिझोल्यूशनचा हिशेब आधी सांगतो, कारण तो लवकर संपतो. त्र्यंबकहून टिपलेला ब्रह्मगिरीचा माझा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा आहे. तो ८४ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ३३ इंच रुंद छापला तर इंचाला १८० पिक्सेल मिळतात आणि प्रत्येक पिक्सेल कागदावर ०.१४ मिलीमीटरचा होतो. निरोगी डोळ्याला एक मीटर अंतरावरून साधारण ०.३ मिलीमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. त्यामुळे भिंतीवरच्या चित्रासाठी इंचाला ३०० पिक्सेलचा हट्ट धरण्याचे कारण नाही. १५० मिळाले तरी जवळ जाऊन पाहणाऱ्याचेही समाधान होते. हाच फोटो कोणी व्हॉट्सॅपवर पाठवला आणि तो १६०० पिक्सेल रुंदीचा होऊन आला, तर मात्र इंचाला जेमतेम ४८ पिक्सेल उरतात, पिक्सेल अर्ध्या मिलीमीटरचा होतो आणि डोंगराच्या कडेला पायऱ्या दिसू लागतात. मूळ फाइल मागवावी, किंवा ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावी. सॉफ्टवेअरने लहान चित्र मोठे केल्यास पायऱ्या मऊ होतात, पण हरवलेला तपशील परत येत नाही.

आता कागदांची मांडणी. ए-फोर कागद २९७ × २१० मिलीमीटरचा असला तरी माझा प्रिंटर चारही कडांना सुमारे ५ मिलीमीटर जागा कोरी सोडतो, म्हणजे आडव्या कागदावर छापण्यासाठी २८७ × २०० मिलीमीटर उरतात. ओव्हरलॅप १० मिलीमीटर धरला तर पहिला कागद पूर्ण मोजायचा आणि पुढचा प्रत्येक कागद १० मिलीमीटर कमी मोजायचा. तीन आडवे कागद शेजारी लावल्यास २८७ + २७७ + २७७ = ८४१ मिलीमीटर रुंदी मिळते आणि तीन ओळींची उंची ५८० मिलीमीटर होते; फोटोला त्यातले ५६१ लागतात. उभे कागद चारच्या दोन ओळींत लावले असते तर आठ कागदांत काम भागले असते, पण रुंदी ७७० मिलीमीटरवर थांबली असती आणि आकाशातून तीन उभे सांधे गेले असते. आडव्या मांडणीत असे दोनच सांधे येतात. कातळाच्या खडबडीत पोतात सांधा सहज लपतो. एकरंगी आकाशात मात्र किंचित रंगफरकही उठून दिसतो. या फोटोत आकाश वरच्या १८ सेंटीमीटरमध्ये संपते आणि पहिला आडवा सांधा १९ ते २० सेंटीमीटरवर, म्हणजे कड्यावर पडतो. कागद आडवे ठेवण्याचे मुख्य कारण हेच होते.

कोरी जागा अंदाजाने भरू नये. पूर्ण काळे पान छापून चारही कडा पट्टीने मोजाव्यात. काही प्रिंटरांत कागद ज्या कडेने शेवटी बाहेर पडतो तिथली कोरी पट्टी इतरांपेक्षा रुंद असते. सॉफ्टवेअरमध्ये कोरी जागा शून्य लिहिली आणि प्रिंटरने दोन्ही बाजूंनी ५ मिलीमीटर गिळले, तर १० मिलीमीटरचा सगळा ओव्हरलॅप त्यातच जातो आणि जोडायला काही उरत नाही. तसेच पीडीएफ छापताना `Actual size` निवडावे. `Fit` निवडल्यास कोरी जागा आधीच सोडलेले पान पुन्हा आकसले जाते. सगळी पाने सारखीच आकसल्यामुळे सांधे जुळतात आणि चूक लक्षात येत नाही. फक्त चित्र ठरलेल्या मापाचे होत नाही. पहिले पान छापल्यावर चित्राची रुंदी मोजावी. ती २८७ मिलीमीटर भरली पाहिजे.

ओव्हरलॅप डिंक लावायला जागा मिळावी म्हणून असतो असे पुष्कळांना वाटते. माझ्या अनुभवात त्याचे मोठे काम प्रिंटरचे दोष झाकणे हे आहे. पान आडवे असले तरी कागद प्रिंटरमध्ये अरुंद कडेनेच शिरतो. शेवटच्या एक-दोन सेंटीमीटरवर आत ओढणाऱ्या रोलरची पकड सुटते आणि तिथे बारीक पट्टे उमटू शकतात. म्हणजे प्रत्येक तुकड्याची एक बाजू, माझ्याकडे उजवी, किंचित कमअस्सल असते. म्हणून प्रत्येक कागदाची डावी कड कापतो, तीही पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे दोन-तीन मिलीमीटर चित्रात शिरून, आणि ती कड डावीकडच्या कागदाच्या उजव्या कडेवर ठेवतो. पट्ट्यांचा बराचसा भाग त्याखाली जातो. आपल्या प्रिंटरमधून कोणती बाजू शेवटी बाहेर येते ते पाहून कापायची कड ठरवावी.

कागद थोडा तिरका ओढला गेला तर पांढरी पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसते. फरक मिलीमीटरभर असेल तर चालते, मात्र जुळवणी कागदाच्या कडेने न करता चित्रातल्या खुणांनी करावी. दिवसा खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद धरले की ओव्हरलॅपमधला कड्याचा तोच सुळका एकावर एक बसलेला दिसतो. फरक त्याहून मोठा असेल तर पान पुन्हा छापणे स्वस्त पडते. जोडणी मधल्या कागदापासून बाहेर करत जावी. एका टोकापासून सुरुवात केल्यास प्रत्येक सांध्यातली तफावत पुढच्या सांध्यात जमा होते.

पावसाळ्यात एक वेगळी अडचण जाणवली. ७५ जीएसएमच्या साध्या कागदावर गडद शाई पडली की कागद ओला होऊन फुगतो, तेही लांबीपेक्षा रुंदीत अधिक, कारण ए-फोर कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे गडद कातळाचा तुकडा आणि फिकट आकाशाचा तुकडा लगेच शेजारी ठेवले तर ते जुळत नाहीत. आता १०० जीएसएमचा कागद घेतो, नऊही पाने एकाच रिममधून आणि एकाच बैठकीत छापतो, ती सुटी पसरून रात्रभर वाळू देतो आणि मगच कापतो. डिंकाऐवजी ग्लू स्टिक वापरतो, कारण पातळ डिंकाने नेमके सांध्यावरच पुन्हा पाणी चढते. एखादे पान बिघडले तर तेवढेच दुसऱ्या दिवशी छापता येते, पण आकाशाच्या ओळीतले असेल तर मी तिन्ही पाने पुन्हा छापतो, कारण वेगळ्या दिवशी छापलेला निळा रंग शेजारच्या निळ्याशी क्वचितच जुळतो.