सलूनची पोस्ट आणि दवाखान्याची पोस्ट: फोन यावा म्हणून कोणता मजकूर निवडावा?

गूगलवरील व्यवसाय-प्रोफाइलमध्ये पोस्ट टाकताना सोलापुरातील बहुतेक दुकानदार जाहिरातीच्या फलकाची भाषा जशीच्या तशी उचलतात. फलक रस्त्यावरून जाणाऱ्या कोणासाठीही असतो, तर ही पोस्ट वाचणाऱ्याने ‘जवळचे सलून’ किंवा ‘त्वचेचे डॉक्टर’ असे शोधून तुमचे नाव आधीच उघडलेले असते. त्यामुळे त्याला आमंत्रण नको असते; केव्हा यायचे आणि वेळ कशी ठरवायची, एवढेच हवे असते.

जुळे सोलापुरातील एका सलूनने लग्नसराईसाठी लिहिलेले दोन मसुदे माझ्यासमोर होते. पहिला असा: ‘आपल्या सौंदर्याला द्या नवा साज! लग्नसराईनिमित्त आमच्याकडे खास सवलती. आजच संपर्क साधा’ आणि पुढे मोबाइल क्रमांक. दुसरा असा: ‘नववधूची हेअर-ट्रायल, मंगळवार ते गुरुवार, दुपारी 12 ते 4. ट्रायलला साधारण दीड तास लागतो. लग्नाची तारीख सांगून वेळ ठरवण्यासाठी खालील बटणावरून फोन करा.’

पोस्टमध्ये 1500 अक्षरे मावतात, परंतु शोधाच्या पानावर सुरुवातीच्या जेमतेम एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचे वाचण्यासाठी पोस्ट उघडावी लागते. पहिल्या मसुद्यात त्या मोलाच्या जागेत ‘नवा साज’ येतो, जो शहरातील कोणत्याही सलूनला चालला असता. दुसऱ्यात काम, वार आणि वेळ येते. त्याहून मोठी अडचण क्रमांकाची आहे, कारण गूगलच्या नियमानुसार पोस्टच्या मजकुरात फोन नंबर चालत नाही आणि तो दिसल्यास पोस्ट नाकारली जाऊ शकते. `Call now` हे बटण निवडले की प्रोफाइलमध्ये नोंदवलेलाच क्रमांक लागतो, म्हणून क्रमांक तिथे बरोबर आहे ना, एवढे पाहिले की पुरते.

सवलत द्यायचीच असेल तर ‘ऑफर’ प्रकार निवडण्याचा मोह होतो. तिथे मथळा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, कूपन, दुवा आणि अटी यांच्या चौकटी मिळतात. बटण मात्र निवडता येत नाही. ज्यांना फोनच हवा आहे, त्यांनी सवलतीची मुदत पहिल्या ओळीत लिहून साधी ‘अपडेट’ टाकणे मला अधिक सोयीचे वाटते. `Book` बटण तेव्हाच घ्यावे, जेव्हा त्याचा दुवा थेट वेळ निवडण्याच्या पानावर उघडतो. संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडलेला ग्राहक तिथे पुन्हा शोधत बसत नाही. उलट, दुपारी काउंटरवर फोन उचलायला कोणी नसेल, तर `Call now` लावून नुसते मिस्ड कॉल गोळा होतात.

दवाखान्यासाठी हीच तुलना वेगळी ठरते. डॉक्टरांच्या 2002 सालच्या व्यावसायिक आचारसंहितेत रुग्णांना आकर्षित करण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई आहे. मात्र व्यवसायाची सुरुवात, पत्ताबदल, तात्पुरती अनुपस्थिती, पुन्हा रुजू होणे अशा गोष्टींची औपचारिक घोषणा वृत्तपत्रातून करता येते. पोस्टलाही हाच मापदंड लावणे शहाणपणाचे. म्हणून ‘सोलापुरातील सर्वोत्तम त्वचारोगतज्ज्ञ, पहिल्या तपासणीवर निम्मी सूट’ हा मसुदा कितीही फोन आणणारा वाटला तरी बाजूला ठेवावा. त्याऐवजी जानेवारीत असे लिहिता येते: ‘सिद्धेश्वर यात्रेमुळे 13 ते 15 जानेवारी दवाखाना फक्त सकाळी 10 ते 1 सुरू राहील. 16 तारखेपासून नेहमीच्या वेळा. येण्यापूर्वी फोन करून वेळ ठरवावी.’ यात स्तुती नाही, तरी फोन करण्याचे खरे कारण आहे. गावाबाहेरून, म्हणजे अक्कलकोट किंवा मोहोळहून येणारा रुग्ण बंद दारावर हेलपाटा घालण्यापेक्षा आधी विचारेल.

मात्र पोस्टमध्ये वेळ लिहिली म्हणजे प्रोफाइलवरील वेळ बदलत नाही. ती ‘विशेष वेळा’ या भागात स्वतंत्रपणे भरावी लागते, अन्यथा वर ‘सुरू आहे’ आणि खाली पोस्टमध्ये ‘बंद’ असे दोन्ही एकाच पडद्यावर दिसते आणि रुग्ण वर दिसणाऱ्या वेळेवरच विश्वास ठेवतो.

दोन मसुद्यांपैकी कोणता चालला हे प्रोफाइलच्या आकडेवारीतून नेमके कळणे अवघड आहे, कारण कॉलच्या एकूण संख्येवरून कोणता फोन कोणत्या पोस्टमुळे आला हे वेगळे काढता येत नाही. त्या सलूनने यावर साधा उपाय केला: दोन आठवडे पहिला, नंतरचे दोन आठवडे दुसरा मजकूर ठेवला, पहिल्याच्या मजकुरातून क्रमांक काढून दोन्ही वेळी `Call now` बटण लावले आणि काउंटरवरच्या वहीत प्रत्येक फोनपुढे विचारणा काय होती ते लिहिले. पहिल्या मजकुरावर ‘सवलत किती?’ असे विचारणारे अधिक होते. दुसऱ्यावर फोन करणारे आपल्या लग्नाची तारीख सांगूनच बोलणे सुरू करत होते.