नऊ हजारांचं ‘शासनमान्य’ ट्रेक लीडर कार्ड

सह्याद्रीत दहा वर्षं भटकून झाल्यावर पैसे घेऊन ग्रुप न्यायचं ठरवलं, तेव्हा मला एक जाहिरात दिसली. दोन दिवसांचा कोर्स, फी नऊ हजार, शेवटी ‘शासनमान्य टुरिस्ट गाइड व ट्रेक लीडर’ प्रमाणपत्र. मी त्याच रात्री पैसे भरले. तुम्ही भरू नका, म्हणून हे लिहितेय.

कोर्स कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर झाला. पहिला दिवस भाषणांत गेला. दुसऱ्या दिवशी टेकडीवर एक फेरी आणि दोराच्या तीन गाठी झाल्या. प्रथमोपचारात सरांनी एका मुलाच्या हाताला पट्टी बांधून दाखवली आणि आम्ही पंचवीस जणांनी ती बघितली. स्वतः कुणीच बांधली नाही. संध्याकाळी गळ्यात कार्ड पडलं. त्यावर फोटो, गोल शिक्का आणि ‘शासन नोंदणीकृत’, खाली UDYAM-MH ने सुरू होणारा क्रमांक.

जुलैतल्या एका रविवारी सोळा जणांना साडेआठशे रुपये प्रत्येकी घेऊन भाजे लेणी आणि विसापूरला नेलं. चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानींबद्दल सांगायला लागले, तेवढ्यात तिथल्या पहारेकऱ्याने लायसन्स मागितलं. मी कार्ड दिलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. ‘ताई, हे पुरातत्त्वचं नाही.’ भाजे हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. अशा ठिकाणी पैसे घेऊन लोकांना माहिती देत फिरवायचं तर १९५९च्या नियमांप्रमाणे पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. दोन दिवसांच्या त्या कोर्समध्ये या नियमाचा उल्लेखही झाला नव्हता. मी गप्प बसले आणि ग्रुपला घेऊन वर निघाले.

विसापूरच्या कातळातल्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात ओढाच वाहतो. त्या पायऱ्यांवर एक मुलगी घसरली आणि तिचा घोटा भराभर सुजला. मी तिचा बूट काढला, तो पुन्हा पायात जाईना. मुरगळलंय असं धरून स्प्रे मारला, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि तिला उठून चालायला सांगितलं. तिला चार पावलंही टाकता आली नाहीत. घोट्याच्या हाडावर बोट दाबलं की कळवळायची. ही दोन्ही हाड मोडल्याची शंका घ्यावी अशी लक्षणं आहेत, हे मला त्या रात्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांकडून कळलं. आधार बांधून पाय हलणार नाही असा ठेवायचा होता आणि मी तिला चालायला लावलं. ही गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. शेवटी भाज्यातल्या पोरांनी तिला आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली आणलं. एक्स-रेत घोट्याजवळचं हाड मोडलेलं दिसलं. विमा काढलेला नव्हता.

तिच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, ‘तुमची नोंदणी कुणाकडे आहे?’ मी कार्डाचा फोटो पाठवला. त्यांचा छोटा कारखाना आहे, त्यांनी क्रमांक लगेच ओळखला. उद्यम नोंदणी कुठलाही लघुउद्योग स्वतःच्या माहितीवर ऑनलाइन, फुकट करतो. पिठाची गिरणीसुद्धा करते. डोंगरातल्या सुरक्षिततेशी तिचा काडीचाही संबंध नाही.

त्यानंतर मी नीट चौकशी केली. महाराष्ट्रात साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ साली आलं. त्याप्रमाणे ट्रेक आयोजित करणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आयोजकाची नोंदणी असते. कुठलाही खाजगी कोर्स ती तुमच्या गळ्यात घालू शकत नाही. लीडरचं प्रशिक्षण ही वेगळी बाब. उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या संस्थांचा बेसिक माउंटेनियरिंग कोर्स जवळपास महिनाभराचा असतो, आणि तोही शिकणाऱ्याचा कोर्स आहे. दुसऱ्याला शिकवण्यासाठी पुढे ॲडव्हान्स आणि मग प्रशिक्षकांचा कोर्स करावा लागतो. डोंगरातल्या प्रथमोपचाराचा सर्वांत छोटा बरा कोर्ससुद्धा साधारण सोळा तासांचा असतो. त्यात प्रत्येकाला स्वतः आधार बांधावा लागतो, जखमीला उचलावं लागतं, आणि प्रमाणपत्राला मुदत असते.

मी पैसे परत मागितले. त्यांनी प्रमाणपत्राची शेवटची ओळ वाचायला सांगितली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सदर प्रमाणपत्र सहभागाबद्दल देण्यात येत आहे.’ नंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, जाहिरातीचे स्क्रीनशॉट जोडून. जाहिरात त्यांनी काढून टाकली, म्हणून सांगते, पैसे भरण्याआधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि ‘शासनमान्य’ कुणी म्हटलं, तर कुठल्या खात्याची मान्यता ते लेखी मागा आणि त्या खात्यालाच फोन करून विचारा. मी हा एक फोन केला असता तर त्या दिवशी सोळा जणांना घेऊन त्या पायऱ्यांवर गेलेच नसते. ग्रुप नेणं मी सध्या थांबवलंय. पुढच्या महिन्यात प्रथमोपचाराच्या कोर्सला बसतेय.