घरघंटी, दाराचा स्विच आणि "आधी रिव्ह्यू काढा, मग पैसे"

घरघंटी म्हणजे काय हे बडोद्यात कुणाला सांगायला नको. घरात ठेवायची विजेची पिठाची गिरणी. माझी एक एचपीची, उभ्या पेटीची, सात-आठ जाळ्यांची. दिवाळीच्या भाजणीआधी ऑनलाइन घेतली, बिल 18,500 रुपये. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण आता मुद्दा तिच्या यंत्रापेक्षा तिच्या ईमेलचा आहे. पण सुरुवात यंत्रापासूनच करते.

पीठ उत्तम. बारीक जाळीवर गहू दळला की पोळी अशी मऊ होते की यांनी दोन जास्त खाल्ल्या. भाजणी पूर्ण गार करून टाकली तर जाळी अडकत नाही, थालीपिठाला हवा तसा रवाळपणा राहतो. गल्लीतला घंटीवाला किलोला आठ रुपये घेतो आणि आपल्या ज्वारीत आधीच्या माणसाचा मका मिसळून देतो. तो त्रास संपला. पहिले दोन-तीन महिने मी सगळ्यांना हीच घ्या म्हणून सांगत होते. कारेलीबागेतल्या नणंदेने माझ्या भरवशावर घेतलीसुद्धा.

आता दार. पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची एक बोटाच्या पेराएवढी जीभ आहे. दार लावलं की ती जीभ आतल्या छोट्या स्विचची पत्ती दाबते आणि मगच मोटर चालू होते. योजना चांगली आहे. आतला हातोडा मिनिटाला अडीच हजारांवर फेरे घेतो, दार उघडं असताना तो चालू होताच कामा नये. पण ही जीभ केसभर आखूड आहे. बाजरीसारखं जड धान्य पडलं की पेटी थरथरते, दार जरासं हलतं, "टक्" असा आवाज येतो आणि यंत्र बंद. दार दाबलं की पुन्हा चालू.

एवढ्याशा गोष्टीवर एवढं का लिहायचं? ऐका. यंत्र मध्येच बंद पडतं तेव्हा दळणाच्या खोलीत अर्धवट दळलेलं धान्य भरलेलं असतं. मोटर रिकाम्या खोलीत सुरू होते तेव्हाही नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. भरल्या खोलीत तिला फिरताच येत नाही, ती नुसती गुणगुणते आणि तापते. असं पुन्हा पुन्हा झालं की वाइंडिंगवरचं वार्निश जळायला लागतं. गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो तो त्याचाच. तो वास आला की लगेच प्लग काढायचा, खोली हाताने रिकामी करायची, मगच चालू करायचं. मी हे करत होते, तरी एका रविवारी ज्वारी दळताना मोटर गेलीच.

त्याआधी कंपनीचा मुलगा तक्रारीवरून येऊन गेला होता. त्याने काय केलं? खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी घातली आणि त्या जिभेवर टेपने चिकटवला. "काकी, आता नाही बंद पडणार." सर्व्हिस स्लिपवर त्यानेच लिहिलं, "डोअर स्विच अ‍ॅडजस्ट केला." मी पुठ्ठ्याचा आणि स्लिपचा फोटो काढून ठेवला. (कुणी तो स्विच कायमचा जोडून टाकतो म्हणाला तर करू देऊ नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.)

मोटर जळल्यावर कंपनीचं उत्तर आलं: ग्राहकाने जास्त धान्य भरलं, ओव्हरलोड, वॉरंटीत बसत नाही. दुरुस्ती 4,800. मोटरवर दोन वर्षांची वॉरंटी छापलेली असताना! मग मी गूगलवर त्यांच्या पानावर एक तारा देऊन सगळं लिहिलं. खरेदीची तारीख, स्लिपची तारीख, पुठ्ठ्याचा फोटो, दुरुस्तीचा आकडा. "चोर", "फसवे" असले शब्द मुद्दाम टाळले. जे घडलं आणि ज्याचा कागद माझ्याकडे आहे तेवढंच. आणि 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली.

आठवडाभरात फोन. आवाज एकदम साखरेचा. "मॅडम, तुम्हाला रिफंड देतो, 16,000. फक्त रिव्ह्यू काढून टाका."

खरं सांगायचं तर माझा पहिला विचार होता काढून टाकावा. सोळा हजार म्हणजे सोळा हजार. हे म्हणाले, "घे आणि सोड, तुझ्या रिव्ह्यूने ती कंपनी बुडणार आहे का?" मी फोनवरच्या माणसाला एवढंच म्हटलं की लिहून पाठवा. हे मात्र प्रत्येकाने करावं. फोनवर गोड वाटणारी गोष्ट कागदावर आली की वेगळी दिसते.

ईमेलमध्ये होतं ते असं. सगळ्या ठिकाणचा मजकूर चोवीस तासांत काढायचा. हेल्पलाइनची तक्रार "समाधान झाले" म्हणून बंद करायची. पुढे कुठल्याही मंचावर दावा करायचा नाही. या व्यवहाराबद्दल कुणाला सांगायचं नाही. आणि हे सगळं झाल्यावर, "पडताळणीनंतर पंधरा कामकाजाच्या दिवसांत" पैसे.

म्हणजे मी माझं सगळं आज द्यायचं आणि त्यांनी त्यांचं पडताळणीनंतर. पडताळणी कोण करणार, कशाची, कुठेच लिहिलेलं नाही. पैसे आले नाहीत तर माझ्या हातात काय उरलं? रिव्ह्यू एकदा काढला की तो परत येत नाही. पुन्हा लिहिला तर नवी तारीख पडते, आणि त्याखाली त्यांनीच दिलेलं "ओव्हरलोड"चं उत्तरही गेलेलं असतं. तेच उत्तर तर माझा पुरावा होता.

त्यांनी एका कागदात तीन गोष्टी बांधल्या होत्या त्या मी सुट्या केल्या. हेल्पलाइनची तक्रार ही समजुतीने मिटवायची जागा आहे, हेल्पलाइन कुणाला हुकूम देऊ शकत नाही. पैसे खात्यात आल्यावर ती बंद करायला माझी काहीच हरकत नव्हती, ती असतेच त्यासाठी. दावा न करणं हेही पूर्ण रक्कम मिळाली तर रास्त आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि आपण राहतो तिथेच, म्हणजे मला बडोद्यातच, दाखल करता येतं. हा हक्क सोडायचा तर त्याचा मोबदला हवा. सदोष वस्तूचे पैसे परत मिळाले की तो मिळाला.

रिव्ह्यूचं मात्र तसं नाही. रिफंड मला दाराच्या जिभेमुळे देणं लागतो, रिव्ह्यूमुळे नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर तीस दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा. त्यात "ग्राहकाने गप्प राहावं" अशी अट कुठे नाही. आणि पैसे देऊन वाईट रिव्ह्यू काढून घेणं गूगलच्या स्वतःच्या नियमांतही बसत नाही.

तरीही डळमळत होते. मन पक्कं झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. माझ्या रिव्ह्यूमधला पुठ्ठ्याचा फोटो पाहून सुरतेच्या एका बाईंनी एका ओळखीच्या व्यक्तीमार्फत मला निरोप धाडला: त्यांचंही दार असंच, मोटर तशीच गेली, त्यांना पैसे मिळाले आणि त्यांनी रिव्ह्यू काढला. म्हणजे मी खरेदीआधी तासभर रिव्ह्यू वाचले तेव्हा त्यांचा तिथे नव्हता! साडेचार तारे बघून मी पैसे भरले ते अशा काढून टाकलेल्या रिव्ह्यूंच्या जोरावर. आणि मीही काढला असता तर पुढची बाई तेच बघून भरणार. त्या बाईंना मी दोष देत नाही, अडलेल्या पैशापुढे माणूस काय करणार. राग कंपनीचा आला. पुठ्ठ्याच्या जागी दोन मिलिमीटर लांब जीभ बसवायला जो खर्च येईल त्यापेक्षा हे रिव्ह्यू विकत घेणं त्यांना स्वस्त पडत असणार.

मी ईमेलला ईमेलनेच उत्तर दिलं. यंत्र घेऊन जा, बिलाची रक्कम खात्यात जमा करा. जमा झाल्यावर हेल्पलाइनची तक्रार मी बंद करीन आणि या खरेदीबद्दल आर्थिक दावा करणार नाही. रिव्ह्यू काढणार नाही, पण तुम्ही पैसे परत केल्याचं त्यात तारखेसह लिहीन. आणि रिफंडला घातलेली अट मला मान्य नाही, हा ईमेल मी जपून ठेवत आहे.

फोन पुन्हा आला, या वेळी साखर नव्हती. "लीगल टीम नोटीस पाठवेल, बदनामी होते आमची." नोटीस कुणीही पाठवू शकतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांवरचा बदनामीचा खटला रद्द केला. त्यांनी बिल्डरविरुद्ध तक्रारींचा फलकच लावला होता, आणि त्यातली भाषा संयमी होती हे न्यायालयाने लक्षात घेतलं. म्हणून म्हणते, शिव्या लिहू नका, तारखा लिहा. मी त्या माणसाला म्हटलं, भाऊ, माझ्या मजकुरातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते लिहून कळवा, लगेच दुरुस्त करते. ते काही आलं नाही.

आले ते पैसे. 17,000. दीड हजार "वापराचे" कापले. मी घेतले. नऊ महिने दळण केलं होतं, घंटीवाल्याच्या आठ रुपयांनी हिशेब केला तर दीड हजारांचं पीठ आम्ही नक्की खाल्लं. हे म्हणतात आयोगाकडे जायला हवं होतं. दीड हजारासाठी तारखा कोण करणार? पण दीड हजार सोडले म्हणून रिव्ह्यूही सोडावा असं कुणी समजू नये.

रिव्ह्यू मी बदलला. वर एक ओळ घातली: रक्कम अमुक तारखेला परत मिळाली, 1,500 कापून. खाली मूळ मजकूर जसाच्या तसा. एक लक्षात ठेवा, गूगलवर मजकूर बदलला की वरची तारीखही बदलते. म्हणून पहिल्यांदा कधी लिहिलं ते मी मजकुरातच लिहिलं. तारे एकाचे दोन केले. दुसरा तारा पैसे दिल्याबद्दल, दाराबद्दल नाही.

नणंदेचं यंत्र अजून चालू आहे. तिला मी वॉरंटीत स्विच आणि जीभ दोन्ही बदलून मागायला लावलं, पुठ्ठा नको म्हणून स्लिपवर लिहून घेतलं. नवी जीभ बसवली, "टक्" थांबलं. म्हणजे बरोबर मापाचा भाग त्यांच्याकडे होता!

आता दुसरी घरघंटी बघते आहे. रावपुऱ्यातल्या दुकानात जाऊन, पाच किलो बाजरी बरोबर नेऊन, दार लावून, वर हात ठेवून.