ओबीएस स्टुडिओवर ट्यूटोरियल रेकॉर्डिंग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी स्प्रेडशीट शिकवते, आणि माझे बहुतेक विद्यार्थी व्हिडिओ मोबाइलवरच बघतात. म्हणजे माझ्या स्क्रीनवर ठळक दिसणारा आकडा त्यांच्याकडे मुंगीएवढा होतो. त्यामुळे रेकॉर्डिंगची कुठलीही सोय मी एकाच कसोटीवर तपासते: मी कुठे क्लिक केलं आणि काय बदललं, हे व्हिडिओ न थांबवता कळतं का? गेले काही महिने मी तीन गोष्टी एकत्र वापरते आहे. रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ, कर्सरभोवतीच्या रंगासाठी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनसंचातलं माउस हायलाइटर, आणि झूमसाठी ओबीएसमध्ये जोडायची `obs-zoom-to-mouse` ही स्क्रिप्ट. तिन्ही मोफत आहेत. माझा संगणक विंडोजचा, स्क्रीन साधी 1920×1080 ची.

हायलाइटर `Windows + Shift + H` ने सुरू होतं. डावं क्लिक केलं की पिवळा ठिपका, उजवं केलं की निळा. मूळ सेटिंगमध्ये ठिपका क्लिकनंतर अर्धा सेकंद थांबून विरतो. मी ही वेळ जवळपास दुप्पट केली, कारण क्लिक होऊन मेनू उघडेपर्यंत बघणाऱ्याची नजर मेनूकडे गेलेली असते, आणि मागे वळून पाहिलं तर ठिपका गायब. शिवाय रंग थोडा पारदर्शक ठेवला. गडद पिवळ्याखाली सेलमधला आकडाच झाकला जातो, आणि शिकवायचं तर तो आकडाच असतो.

इथे एक गोष्ट नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधीच जाणून घ्यावी. हा ठिपका सगळ्या खिडक्यांच्या वर, एका वेगळ्या पारदर्शक थरात काढला जातो. ओबीएसमध्ये `Window Capture` निवडलं तर फक्त त्या एका प्रोग्रॅमची खिडकी टिपली जाते, वरचा थर नाही. तुम्हाला स्क्रीनवर ठिपका दिसत राहतो आणि व्हिडिओत तो नसतोच. पुष्कळदा उघडणारे मेनूही असेच गळतात. म्हणून `Display Capture` घ्यावं, त्यात `Capture Cursor` वर खूण आहे ना ते बघावं, आणि दहा सेकंदांचं नमुना रेकॉर्डिंग करून एकदा मोबाइलवर तपासावं. पूर्ण स्क्रीन टिपली जात असल्याने नोटिफिकेशन्स मात्र आधी बंद करायला हवीत.

आता झूम. माझं सगळ्यात जास्त डोकं यावर गेलं, आणि फायदाही सगळ्यात जास्त इथेच झाला. 1080 च्या स्क्रीनचं 1080 चंच रेकॉर्डिंग करून दुप्पट झूम केला, तर 960×540 पिक्सेलचा तुकडा ताणून पूर्ण फ्रेम भरावी लागते. अक्षरं मोठी होतात, पण कडा पुसट होतात. यावर उपाय गणितातच आहे. मी ओबीएसच्या `Settings > Video` मध्ये `Base (Canvas) Resolution` च 1280×720 ठेवलं आणि पूर्ण स्क्रीन त्यात बसवली. 1920 ला 1280 ने भागलं की दीड येतो. म्हणजे दीडपट झूम केला की स्क्रीनवरचा एक पिक्सेल व्हिडिओत बरोबर एकच पिक्सेल होतो. काहीही ताणावं लागत नाही आणि अक्षर कोरीव दिसतं. स्क्रिप्टमध्ये `Zoom Factor` मुळात 2 असतो, तो मी 1.5 केला. 720 चा व्हिडिओ ऐकायला मागासलेला वाटेल, पण मोबाइलवर झूम नसलेल्या 1080 पेक्षा झूम असलेला 720 कितीतरी वाचनीय असतो. तुमची स्क्रीन 4K असेल तर कॅनव्हास 1080 ठेवूनही दुप्पट झूम स्वच्छ मिळतो.

एक धडा उदाहरण म्हणून घेते. डावीकडे वस्तूंचे कोड, उजवीकडे F आणि G कॉलममध्ये दरांची यादी, आणि दर शोधायचं हे सूत्र:

```
=VLOOKUP(A2,$F$2:$G$20,2,FALSE)
```

यातली खरी गोम डॉलरच्या खुणांमध्ये आहे. त्या नसतील तर सूत्र खाली ओढल्यावर F2:G20 चं पुढच्या ओळीत F3:G21 होतं, यादीतला पहिलाच कोड बाहेर पडतो आणि त्याच्यासमोर `#N/A` येतं. पण डॉलरची खूण मोबाइलवर दिसतच नाही. म्हणून मी आधी कर्सर फॉर्म्युला बारवर नेते, तिथे क्षणभर थांबवते आणि मगच झूमची हॉटकी दाबते, कारण स्क्रिप्ट कर्सर असेल तिथेच झूम करते. दीडपट झूममध्ये फॉर्म्युला बार आणि खालची यादी दोन्ही एकाच फ्रेममध्ये राहतात, त्यामुळे सूत्र आणि परिणाम एकत्र दिसतात. कर्सरमागे चित्र फिरवणारा `Auto follow mouse` हा पर्याय मी बंद ठेवते. कर्सर इकडेतिकडे फिरला की सगळं चित्र सरकतं आणि बघणाऱ्याला गरगरतं.

पुढचं काम आवाजाचं. डॉलर लावायला `F4` दाबावं लागतं, आणि की दाबल्याचा ठिपका कुठेच उमटत नाही. ते बोलूनच सांगावं लागतं. माझी वाक्यं आता ठरलेल्या क्रमाने येतात: आधी जागा, मग कृती, मग काय दिसायला हवं. "फॉर्म्युला बारमध्ये पहिल्या स्वल्पविरामानंतरचा F2:G20 एवढाच भाग सिलेक्ट करा. आता F4 दाबा. चार डॉलर आले पाहिजेत." चार हा आकडा ऐकला की दोनच आलेल्या विद्यार्थ्याला आपलं चुकलंय हे लगेच कळतं. "इथे क्लिक करा" हे वाक्य मी पूर्ण टाकलं. ऐकता ऐकता स्वतःच्या एक्सेलमध्ये काम करणाऱ्याला "इथे" म्हणजे कुठे ते कळत नाही. जागेचं नाव माउस हलण्याआधी उच्चारायचं, की नजर तिथे आधी पोहोचते.

माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला. बोलताना ओबीएसचा मीटर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे -20 ते -9 डेसिबलच्या मध्ये राहिला की पुरे. `Noise Suppression` मधला `RNNoise` पंख्याची घरघर चांगली घालवतो, पण कीबोर्डची खटखट त्याला तितकीशी जमत नाही. म्हणून टाइप करताना मी गप्प राहते आणि टाइप झाल्यावर सूत्र वाचून दाखवते. विद्यार्थ्यालाही टाइप करायला तेवढाच वेळ मिळतो. फाइल मी mkv मध्येच ठेवते. मध्येच वीज गेली तरी तिथपर्यंतचं रेकॉर्डिंग वाचतं, आणि नंतर `File > Remux Recordings` मधून mp4 करता येतं.

या जोडणीची खरी मर्यादा अशी की ठिपका आणि झूम दोन्ही व्हिडिओत कायमचे भाजले जातात. झूम दोन सेकंद उशिरा झाला तर तो नंतर सरकवता येत नाही. कॅम्टेशियासारखं विकतचं सॉफ्टवेअर कर्सरची माहिती वेगळी साठवतं, त्यामुळे हायलाइट आणि झूम दोन्ही संकलनात ठरवता येतात. तासाभराचा धडा एका दमात रेकॉर्ड करणाऱ्याने तेच घ्यावं. मी मात्र एक क्लिप म्हणजे एकच कृती असं ठेवते, दोन-तीन मिनिटांची. VLOOKUP चा धडा असाच तुकड्यांत आहे: सूत्र लिहिणं, डॉलर लावणं, खाली ओढणं, `#N/A` आल्यावर तपासणं. एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा करते.