सहा महिने टेलिमेट्री वापरल्यावर: पाठचं विंग निर्दोष निघालं, धूळ खाल्लेलं पेडल सापडलं

असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने आणि फुकट मिळणारं मोटेक आय-टू प्रो, एवढ्याच जोडीबद्दल हे लिहितोय. गेम काय, जीटी३ गाडी काय, हे वाचणाऱ्यांना माहीत असणारच.

आधी माझी मुख्य कुरकुर. सेटअपमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पानावर टेलिमेट्री लॅप्स नावाचा आकडा आहे. तो शून्य असेल तर फाइलच तयार होत नाही. वैताग असा की हा आकडा गेमच्या सेटिंगमध्ये नसून सेटअपच्या आत साठवलेला असतो. म्हणजे कुणाचा सेटअप उतरवून घेतला, की त्याचा शून्यही सोबत येतो. वीस लॅप मारून बघावं तर फोल्डर रिकामं. सेटअपची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर ही ओळ सापडते:

```
"telemetryLaps": 0
```

इथे ८ करून ठेवा. नवा सेटअप आला की गाडी बाहेर काढण्याआधी हेच पहिलं बघायचं. दुसरी गोष्ट, फाइल लिहिली जाते ती गाडी गॅरेजमध्ये परत आल्यावर. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि इन्व्हर्टरवर स्क्रीन आणि कॉम्प्युटर दोन्ही टिकत नाहीत. म्हणून सलग तासभर न फिरता पाच-सहा लॅप झाले की आत यायचं. एवढं करूनही लाइट गेलीच, तर सहाच लॅप वाया जातात.

फाइली Documents\Assetto Corsa Competizione\MoTeC मध्ये पडतात. प्रत्येक स्टिंटच्या दोन असतात, .ld आणि .ldx. मित्राला लॅप पाठवताना दोन्ही पाठवा. लॅप कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याच्या खुणा दुसरीत असतात. ती नसली की सगळे लॅप एका लांबलचक पट्टीत चिकटून येतात.

आता मुद्द्याचं. आय-टूमध्ये एकाखाली एक चारच रेघा पुरेत: SPEED, THROTTLE, BRAKE, STEERANGLE. सगळ्यात खाली दोन लॅपमधल्या वेळेच्या फरकाची रेघ. आडवा अक्ष अंतरावर ठेवा. तो वेळेवर राहिला तर हळू लॅपमधली वळणं पुढे सरकत जातात आणि तुलनेला काही अर्थ उरत नाही. संदर्भाचा लॅप त्याच गाडीचा, साधारण तेवढ्याच पेट्रोलचा आणि एकट्याने मारलेला हवा. दुसऱ्या गाडीच्या मागे हवेच्या आडोशाने मिळालेला वेग तुमच्या पायातून कधीच येणार नाही.

उदाहरण मोंझाचं घेऊ. माझा लॅप १:४९.६, संदर्भाचा १:४८.६. फरकाची रेघ दोन ठिकाणी ठळक चढत होती: दुसऱ्या लेस्मोनंतर अस्कारीपर्यंतच्या पट्ट्यात आणि पॅराबोलिकानंतरच्या मुख्य पट्ट्यात. आलेख बघून मित्र लगेच म्हणाला, "पाठचं विंग कमी कर की, सरळला पळंनाच झाली ती." मलाही तेच वाटलं होतं. विंग दोन खुणा खाली आणलं. लॅप आणखी हळू झाला, कारण अस्कारीत पाठ सुटायला लागली.

चूक अशी की वेळ कुठे गेला एवढंच बघितलं. बघायचं होतं ते दोन्ही वेगांमधली फट पट्टाभर कशी बदलते ते. वळणातून बाहेर पडतानाच वेग कमी असेल, तर फट सुरुवातीला मोठी असते आणि पुढे मिटत जाते, कारण वेग वाढेल तसा हवेचा अडथळा जास्त वेगाने पळणाऱ्या गाडीला जास्त रोखतो. बाहेर पडताना वेग सारखा असून फट पुढे रुंदावत गेली, तर गाडीला पूर्ण ताकद मिळत नाही किंवा हवेचा अडथळा जास्त आहे. मग THROTTLE बघायचं, आणि ते पूर्ण १०० असेल तरच विंगकडे वळायचं.

लेस्मोनंतर माझी फट ५ किमीची होती आणि अस्कारीच्या ब्रेकपाशी २ वर आली. म्हणजे मिटणारी फट, दोष वळणात. आलेख मोठा करून बघितला. माझं थ्रॉटल संदर्भापेक्षा १२ मीटर आधी सुरू होत होतं, आणि त्याच वेळी स्टीअरिंगची रेघ अजून वाढतच होती. मग बाहेरची कड जवळ आली की थ्रॉटल ७० वरून ४० वर यायचं आणि पुन्हा चढायचं. गाडीत बसून हा खड्डा जाणवत नाही. उलट 'लवकर गॅस दिला' म्हणून बरं वाटतं. उपाय म्हणजे ब्रेक एकदम न सोडता वळणाच्या पोटापर्यंत हलका धरून ठेवायचा आणि स्टीअरिंग सरळ व्हायला लागल्यावरच थ्रॉटल द्यायचं, पण एकाच दमात. खड्डा गेला तेव्हा बाहेर पडतानाची फट १ किमीवर आली.

मुख्य पट्ट्यावर मात्र चित्र उलटं होतं. पॅराबोलिकातून दोन्ही लॅप सारख्याच वेगाने बाहेर, आणि शेवटी ३ किमीची फट. THROTTLE ची रेघ वर टेकतच नव्हती. पाय तळाला दाबलेला असताना ती ९६ वर, मध्येच ९२, परत ९७ अशी थरथरत होती. हा फरक नीट बघा. रेघ ९६ वर सपाट असेल तर फक्त कॅलिब्रेशन चुकलंय, joy.cpl किंवा पेडलच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटचे ४-५ टक्के कापले की काम झालं. थरथरत असेल तर पोटेन्शिओमीटरच्या आत घाण आहे किंवा त्याचा पट्टा झिजलाय. आमच्याकडे परभणीत एप्रिल-मेमध्ये खिडकी बंद ठेवली तरी धूळ आत येते, आणि स्वस्त पेडलला झाकण नसतं.

कंपनीला फोन केला, तर पेडल पुण्याला पाठवा, पार्सलचा खर्च तुमचा, असं उत्तर. कोण पाठवतंय! इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. केबल काढून पोटेन्शिओमीटरच्या फटीत दोन फवारे, पेडल तीस-चाळीस वेळा खालीवर, पूर्ण वाळू द्या, मग नव्याने कॅलिब्रेशन. गंज काढायचं साधं तेल मारू नका, तेलकट थर राहतो आणि तो धुळीला आणखी धरतो. थरथर महिन्याभरात परतली तर पट्टाच झिजलाय, तो पार्ट बदलावाच लागतो.

१.१ किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी २२० च्या वेगाने १८ सेकंद लागतात. सरासरी दीड किमी कमी झाली की ०.१२ सेकंद जातात. तेही एकाच पट्ट्याचं, आणि मोंझात पट्टेच पट्टे. पेडल साफ झाल्यावर विंग जुन्या खुणेवर नेलं. आता लॅप १:४८.९ वर येतो.

फरकाच्या रेघेवरही आंधळा भरवसा ठेवू नका. रेषा वेगळी घेतली की अंतर काही मीटरने सरकतं. २५० च्या वेगात ५ मीटर म्हणजे ०.०७ सेकंद. वेगाच्या आलेखातले तळ एकाखाली एक येतात का हे बघा. येत नसतील तर सेकंदाच्या शंभरातल्या चार-पाच भागांवरून भांडू नका.

स्क्रीनवर चालू असताना दिसणाऱ्या ओव्हरलेबद्दल मत बदललं. आधी डेल्टाची पट्टी सतत लावून ठेवायचो. आता बंद. लेस्मोत घालवलेल्या वेळेचा लाल रंग ती पुढच्या पट्ट्यावर गडद करत नेते, मग अस्कारीला ब्रेक उशिरा मारायचा मोह होतो आणि गाडी खडीत जाते. ब्रेक-थ्रॉटलची छोटी खिडकी मात्र ठेवलीय. सिमहबच्या फुकट आवृत्तीत ती सेकंदाला १० वेळाच ताजी होते, म्हणजे २५० च्या वेगात दर ७ मीटरला एकदा. ब्रेक कसा सोडला हे त्यात नीट दिसत नाही, पण थ्रॉटल वर टेकतंय का एवढं कळतं, आणि मला तेवढंच बघायचंय. त्यासाठी लायसन्सला पैसे टाकणार नाही. त्यापेक्षा नवा पोटेन्शिओमीटर आणून ठेवीन, पुढचा एप्रिल येतोच आहे.